कोणता कपॅसिटर अॅम्प्लिफायरला अडवतो?

अॅम्प्लिफायरचा कोणताही टप्पा ठरावीक वारंवारतेपर्यंतच पूर्ण वर्धन देतो. त्यापलीकडे वर्धन घसरू लागते. मधल्या पट्ट्यात जेवढे वर्धन मिळते, त्याच्या ०.७०७ पट ते ज्या वारंवारतेला उरते, म्हणजे जिथे ३ डेसिबलची घट होते, तिला वरची कटऑफ वारंवारता म्हणतात. ही घसरण कपॅसिटरांमुळे होते. त्यांतले बरेचसे कुणी मुद्दाम बसवलेले नसतात. ते ट्रान्झिस्टरच्या जंक्शनमध्ये, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये आणि पुढच्या टप्प्याच्या इनपुटमध्ये लपलेले असतात.

कपॅसिटर एकच असेल तर हिशेब सोपा आहे. त्याच्या दोन टोकांना दिसणारा रोध आणि त्याची धारकता यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. त्याचा व्यस्त घेऊन २π ने भागले की कटऑफ मिळते. कपॅसिटर दोन-तीन झाले की ते एकमेकांवर परिणाम करतात आणि प्रकरण बीजगणितात शिरते. प्रत्येक नोडचे समीकरण मांडायचे, ती सोडवून पूर्ण ट्रान्सफर फंक्शन काढायचे आणि त्याच्या छेदातल्या बहुपदीची मुळे शोधायची. दोन ट्रान्झिस्टरांच्या परिपथात ही बहुपदी सहज तिसऱ्या-चौथ्या घाताची होते. संगणक ती क्षणात सोडवतो हे खरे. पण त्याचे उत्तर हा एक आकडा असतो. तो कमी पडला तर दोष कोणत्या कपॅसिटरचा आणि काय बदलायचे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

शून्य-मूल्य कालस्थिरांकांची पद्धत नेमके हेच सांगते, आणि कटऑफचा अंदाज त्या ओघात मिळतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर-परिपथ शिकवण्यासाठी प्राध्यापकांच्या एका समितीने पुस्तकांची मालिका काढली. त्या मालिकेतल्या १९६५ च्या बहुटप्पी परिपथांवरच्या पुस्तकाने ही पद्धत अभ्यासक्रमात रुजवली. पुढे बर्कलेच्या पॉल ग्रे आणि रॉबर्ट मायर यांच्या अॅनालॉग आयसींवरच्या पाठ्यपुस्तकातून ती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. काही पुस्तके हिलाच ‘ओपन-सर्किट टाइम कॉन्स्टंट’ म्हणतात. कपॅसिटरचे मूल्य शून्य करणे आणि तो परिपथातून उचलून जागा उघडी ठेवणे, ही एकच गोष्ट आहे.

कृती थोडक्यात अशी. उच्च वारंवारतेला अडसर ठरणारे सगळे कपॅसिटर एकामागून एक घ्यायचे. एकाचा विचार चालू असताना बाकी सारे शून्य मानायचे, म्हणजे तिथे परिपथ उघडा ठेवायचा. सिग्नलचा स्रोत बंद करायचा. तो व्होल्टेजचा असेल तर त्याच्या जागी नुसती तार. मग त्या एका कपॅसिटरच्या दोन टोकांमधून आत पाहिले तर किती रोध दिसतो ते काढायचे आणि त्याला धारकतेने गुणायचे. असे सगळे गुणाकार मिळवले की एक बेरीज येते. तिचा व्यस्त हा वरच्या कटऑफचा, रेडियन प्रति सेकंदातला, अंदाज:

```
b1 = R1·C1 + R2·C2 + R3·C3 + ...
fH ≈ 1 / (2π·b1)
```

कपॅसिटर एकमेकांवर परिणाम करतात हे माहीत असताना त्यांना एकेकटे पाहून चालतेच कसे, ही शंका रास्त आहे. उत्तर बहुपदीच्या घडणीत आहे. ट्रान्सफर फंक्शनचा छेद `1 + b1·s + b2·s² + ...` असा लिहिता येतो. समीकरणांत कोणताही कपॅसिटर येतो तो `s·C` या जोडीनेच. म्हणजे ज्या पदात s चा घात एक आहे, त्यात कपॅसिटरही एकच असू शकतो. दोन कपॅसिटरांचा गुणाकार s² बरोबरच येईल. म्हणून b1 मधले C1 चे पद C2 किंवा C3 यांच्या मूल्यावर अवलंबून असूच शकत नाही. मग ते शून्य धरले तरी या पदाला धक्का लागत नाही. आणि ते शून्य धरल्यावर उरतो एकाच कपॅसिटरचा परिपथ, ज्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा b1 ची बेरीज तंतोतंत बरोबर असते. अंदाज सुरू होतो तो त्यानंतर, b2 आणि पुढची पदे सोडून देताना आणि ट्रान्सफर फंक्शनचा अंश स्थिर मानताना. पद्धत कुठे चुकेल हे ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो, आणि बऱ्याच वर्गांत तो पुरेसा ठसवला जात नाही.

आता एक कॉमन-एमिटर टप्पा घेऊ. लहान सिग्नलचा साधा एनपीएन ट्रान्झिस्टर, कलेक्टर प्रवाह १ मिलिअँपिअर. या प्रवाहाला त्याचा gm सुमारे ४० मिलिअँपिअर प्रति व्होल्ट असतो. प्रवाहवर्धन १०० धरले तर बेस-एमिटरमधला रोध rπ २.५ किलोओहम येतो. सिग्नलच्या स्रोताचा रोध १ किलोओहम आणि कलेक्टरचा भार RL ५ किलोओहम. एमिटर सिग्नलपुरता जमिनीला जोडलेला आहे. बायसचे रेझिस्टर मोठे आहेत असे मानून सोडले आहेत, आणि ट्रान्झिस्टरच्या आतला बेसचा रोधही. मधल्या पट्ट्यात या टप्प्याचे वर्धन सुमारे १४३ भरते.

कपॅसिटर तीन आहेत. बेस आणि एमिटर यांच्यातला Cπ २० पिकोफॅरड, बेस आणि कलेक्टर यांच्यातला Cμ अवघा २ पिकोफॅरड, आणि आउटपुटवर पुढच्या टप्प्याचा मिळून CL १० पिकोफॅरड. आकडे नुसते पाहिले तर संशय पहिल्यावर जातो.

Cπ पासून सुरुवात केली तर त्याच्या टोकांना स्रोताचा १ किलोओहम आणि rπ हे समांतर दिसतात. त्यांचा एकत्र रोध, ज्याला पुढे Rb म्हटले आहे, ७१४ ओहम. गुणाकार १४.३ नॅनोसेकंद. CL चे कामही असेच सरळ आहे. स्रोत बंद असताना बेसवर सिग्नल नाही, म्हणून ट्रान्झिस्टरचा प्रवाह-स्रोतही गप्प आहे. दिसतो तो फक्त ५ किलोओहमचा भार, आणि गुणाकार ५० नॅनोसेकंद.

Cμ मात्र वेगळा आहे. त्याचे एकही टोक जमिनीला नाही. एक बेसवर, दुसरे कलेक्टरवर. त्याला दिसणारा रोध नुसत्या नजरेने सांगता येत नाही, चाचणीचा प्रवाह सोडून काढावा लागतो. Cμ च्या जागी i एवढा प्रवाह कलेक्टरकडून ओढून बेसमध्ये घातला आहे असे समजायचे. बेसवर i·Rb एवढे व्होल्टेज चढते. या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर प्रतिसाद देतो आणि कलेक्टरमधून gm·i·Rb एवढा आणखी प्रवाह खेचतो. भाराच्या रेझिस्टरमधून आता मूळ i आणि हा वाढीव प्रवाह असे दोन्ही जातात, आणि कलेक्टरचे व्होल्टेज तितके खाली येते. दोन टोकांमधले एकूण व्होल्टेज i ने भागले की मिळते:

```
Rμ = Rb + RL + gm·Rb·RL
```

तिसरे पद पाहण्यासारखे आहे. पहिली दोन मिळून ५.७ किलोओहम, तर तिसरे एकटे १४२.९ किलोओहम. एकूण Rμ सुमारे १४८.६ किलोओहम होतो, आणि अवघ्या २ पिकोफॅरडचा हा कपॅसिटर २९७ नॅनोसेकंदांचा वाटा उचलतो.

तिघांची बेरीज ३६१ नॅनोसेकंद. तिच्यावरून कटऑफ येते ४४० किलोहर्ट्झ. हाच परिपथ पूर्ण ट्रान्सफर फंक्शन काढून सोडवला तर ४४४ किलोहर्ट्झ मिळतात. फरक शेकडा एकाहूनही कमी. स्वतः ट्रान्झिस्टर मात्र जवळपास २९० मेगाहर्ट्झपर्यंत प्रवाहवर्धन राखू शकणारा आहे. त्याला या परिपथात अर्ध्या मेगाहर्ट्झच्याही आत रोखले आहे ते मुख्यतः त्याच्यातल्याच सगळ्यात लहान कपॅसिटरने.

Cμ इतका जड का पडतो, याचे स्पष्टीकरण जॉन मिलर यांनी १९२० मध्ये निर्वात नळ्यांच्या संदर्भात दिले होते. वर्धकाच्या इनपुट आणि आउटपुट यांना जोडणारा कपॅसिटर इनपुटच्या बाजूने वर्धनाच्या पटीत मोठा भासतो. वरच्या परिपथात बेस ते कलेक्टर वर्धन २०० आहे, म्हणून २ पिकोफॅरड हे ४०२ पिकोफॅरड असल्यासारखे वागतात. अनेक जण इथेच थांबतात. ४०२ मध्ये Cπ चे २० मिळवतात, ७१४ ओहमने गुणतात आणि ५२८ किलोहर्ट्झ हे उत्तर देतात. ते जवळपास एकोणीस टक्क्यांनी जास्त आहे, कारण आउटपुटच्या बाजूचा हिशेब सुटला. कलेक्टरवर Cμ आणि CL मिळून १२ पिकोफॅरड आहेत आणि ५ किलोओहमवर त्यांचे ६० नॅनोसेकंद होतात. ते मिळवले की बेरीज पुन्हा ३६१ वर येते. शून्य-मूल्य पद्धतीत मिलर परिणाम वेगळा आठवून घालावा लागत नाही. तो Rμ च्या तिसऱ्या पदात आधीच आलेला असतो.

आता या बेरजेचा खरा उपयोग. महिन्याच्या हिशेबात खर्च आवरायचा तर आधी मोठी रक्कम पाहतात, तसेच इथे करायचे. १४, २९७ आणि ५० या तीन आकड्यांत सगळे उघड आहे. निम्म्या Cπ चा महागडा ट्रान्झिस्टर आणला, बाकी सारे तेच राहिले, तर बेरजेतून सात नॅनोसेकंद जातील आणि कटऑफ ४४९ किलोहर्ट्झ होईल. पैसे वाया गेले. भार निम्मा केला तर Rμ जवळपास निम्मा होतो, CL चा वाटाही निम्मा होतो, आणि कटऑफ ८४४ किलोहर्ट्झपर्यंत चढते. पण वर्धनही निम्मे, ७१ च्या आसपास उरते. स्रोताचा रोध ५०० ओहमवर आणला तर वर्धन उलट वाढून १६७ होते आणि कटऑफ ६७५ किलोहर्ट्झ. हा सौदा चांगला आहे, फक्त स्रोत आपल्या हातात असायला हवा, आणि बहुधा तो नसतो.

वर्धन न गमावता मुळावर घाव घालायचा तर कॅसकोड. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ५ किलोओहमचा भार थेट न ठेवता मध्ये दुसरा ट्रान्झिस्टर कॉमन-बेस पद्धतीने बसवायचा. पहिल्याच्या कलेक्टरला मग दुसऱ्याच्या एमिटरचा केवळ २५ ओहम रोध दिसतो. त्याच सूत्रात RL च्या जागी २५ घातले तर Rμ १४८ किलोओहमवरून दीड किलोओहमच्या आत येतो आणि २९७ नॅनोसेकंदांचे उरतात २.९. पहिल्याच्या Cπ चे १४.३ तसेच राहतात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा Cπ २५ ओहमवर अर्धा नॅनोसेकंद देतो. त्याचा Cμ मात्र आता एका टोकाला जमिनीला आहे, त्यामुळे तो CL च्या सोबतीला जातो आणि दोघांचे मिळून ६० होतात. बेरीज सुमारे ७८ नॅनोसेकंद, अंदाज २.०५ मेगाहर्ट्झ. वर्धन जवळजवळ पूर्वीइतकेच. शिवाय पुढचा अडसर कोणता हेही लगेच दिसते: आउटपुटवरचे ६०. तिथे एमिटर-फॉलोअर जोडून पुढच्या टप्प्याचा भार वेगळा काढला तर आणखी वाव आहे.

या दुसऱ्या परिपथात अंदाज पहिल्याइतका नेमका नाही. प्रत्यक्ष कटऑफ २.४६ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे अंदाज सुमारे एक षष्ठांशाने कमी. कारण असे की बेरीज b1 म्हणजे सगळ्या पोलांच्या कालस्थिरांकांची बेरीज असते. पहिल्या परिपथात त्यांतला एक ३५९ नॅनोसेकंदांचा आणि दुसरा अवघ्या २.६ चा होता, तेव्हा बेरीज आणि मोठा पोल यांत फरकच नव्हता. कॅसकोडमध्ये एक ६० आणि दुसरा १७ च्या आसपास आहे. दुसऱ्याचा घसरणीत वाटा आहे, पण बेरीज तो जितका धरते तितका नाही. दोन पोल अगदी सारखे असतील तर अंदाज खऱ्या कटऑफच्या बावीस टक्के खाली येतो, तीन सारखे असतील तर पस्तीस टक्के. पोल साधे, वास्तव असतील आणि कमी वारंवारतेचे शून्य मध्ये आलेले नसेल, तोवर चूक नेहमी याच दिशेने होते. अंदाज कमी सांगतो, जास्त नाही. डिझाइन करणाऱ्याला ही चूक परवडते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बेरजेतला प्रत्येक आकडा म्हणजे एकेक पोल नव्हे. वरच्या पहिल्या परिपथात गुणाकार तीन आहेत, पण पोल दोनच. Cπ, Cμ आणि CL हे जमिनीतून एक बंद वेढा करतात, त्यामुळे दोघांवरचे व्होल्टेज ठरले की तिसऱ्याचे आपोआप ठरते. पोलांच्या आणि गुणाकारांच्या बेरजा सारख्या असतात, सुटी पदे नाहीत.

दुसरी चूक हातून अधिक वेळा होते. इनपुटचा कपलिंग कपॅसिटर आणि एमिटरचा बायपास कपॅसिटर काही मायक्रोफॅरडचे असतात. ते या बेरजेत घातले तर मिलिसेकंदांच्या आकड्यांखाली सगळे गाडले जाते आणि कटऑफ काही हर्ट्झ अशी हास्यास्पद येते. हे कपॅसिटर खालची कटऑफ ठरवतात. वरच्या कटऑफच्या हिशेबात ते शॉर्ट, म्हणजे तारेसारखे, धरायचे असतात. उत्तर अपेक्षेपेक्षा हजारो पटींनी लहान आले तर सर्वांत आधी हेच तपासावे.

प्रत्यक्ष मोजणीतही ही बेरीज कामाला येते. १०× चा ऑसिलोस्कोप प्रोब साधारण १० ते १५ पिकोफॅरड घेऊन येतो. तो १२ पिकोफॅरडचा मानून पहिल्या टप्प्याच्या कलेक्टरला लावला तर बेरजेत ६० नॅनोसेकंद वाढतात आणि ४४० ऐवजी ३७८ किलोहर्ट्झ दिसतात. प्रोब १× वर सरकवला तर केबलसकट शंभरेक पिकोफॅरड जोडले जातात आणि कटऑफ १८५ किलोहर्ट्झवर कोसळते. कॅसकोडवर १०× चा तोच प्रोब २.०५ मेगाहर्ट्झचा अंदाज १.१६ वर आणतो. प्रयोगशाळेत सुधारलेला परिपथ अपेक्षेइतका सुधारलेला दिसत नाही, तेव्हा अनेकदा दोषी हा प्रोबच असतो.

अंदाजावर कितपत विसंबावे हे तपासण्याची सोयही याच रीतीत आहे. १९७३ मध्ये कॉक्रन आणि ग्रेबेल यांनी दाखवले की पुढचे सहगुणकही असेच, रोध पाहून, काढता येतात. b2 साठी कपॅसिटरांची जोडी घ्यायची. एकाचा शून्य-मूल्य कालस्थिरांक तसाच ठेवायचा, आणि तो कपॅसिटर शॉर्ट करून दुसऱ्याला दिसणाऱ्या रोधावरून दुसऱ्याचा कालस्थिरांक काढायचा. दोघांचा गुणाकार हे एक पद. पहिल्या परिपथात Cπ शॉर्ट केला की CL ला पुन्हा ५ किलोओहम दिसतो, म्हणून १४.३ गुणिले ५०, सुमारे ७१४. Cπ शॉर्ट असताना Cμ लाही तोच भार दिसतो, त्याचे १४३. CL शॉर्ट केला की Cμ ला ७१४ ओहम दिसतो, त्याचे ७१. बेरीज ९२९ वर्ग-नॅनोसेकंद. b1 ला b2 ने भागले की दुसऱ्या पोलाचा अंदाज मिळतो: ६२ मेगाहर्ट्झ. तो ४४० किलोहर्ट्झपासून १४० पट दूर आहे, म्हणून तिथे b2 सोडून देणे निर्धोक होते. कॅसकोडसाठी हाच हिशेब १२ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, अंदाजाच्या जेमतेम सहा पट. तिथे थोडी चूक होणार हे आधीच कळते.

फीडबॅक असलेल्या परिपथात किंवा इंडक्टर वापरून पट्टा ताणलेल्या टप्प्यात पोल संमिश्र होऊ शकतात. तिथे ही तपासणी वगळणे धोक्याचे आहे. अशा पोलांत b1 लहान आणि b2 तुलनेने मोठा असतो, आलेखात कटऑफच्या आधी उंचवटा येतो, आणि उंचवटा फार मोठा झाला तर अंदाज खऱ्या कटऑफच्या वरही जातो. b2 हा b1 च्या वर्गाच्या चौथ्या हिश्शाहून मोठा निघाला तर दोन पोलांचा परिपथ या गटात पडला असे समजावे. मग b1 वर न थांबता दोन्ही सहगुणकांचे वर्गसमीकरण सोडवावे.